पुडा पालथा करा : साखर मोजून दाखवणारा एका मिनिटाचा व्हिडिओ

परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत झरी लागतं. उन्हाळ्यात इथल्या कुठल्याही किराणा दुकानात गेलात तर फ्रिजच्या काचेआड आंब्याच्या थंड्याच्या पिवळ्या बाटल्या रांगेनं उभ्या दिसतात. पाहुणे आले की एक मोठी बाटली येते, आणि लेकरांनी हट्ट केला की छोटी. बाटलीच्या पाठीवर तिच्यात काय आहे ते सगळं छापलेलं असतं, पण इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. लेबलवरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी एवढाच नियम आहे. मराठी छापायला बंदी नाही, पण सक्तीही नाही. म्हणून ही माहिती मराठीत सांगणारा छोटा व्हिडिओ गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावा, असं आम्ही ठरवलं.

पहिला व्हिडिओ चार मिनिटांचा झाला. ऊर्जा, प्रथिनं, चरबी, सोडियम, साखर असं सगळं त्यात होतं. तो पाहिलेल्या एका बाईंच्या हाती आम्ही तीच बाटली दिली आणि विचारलं, "यात साखर किती?" त्यांनी तक्त्याच्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "छप्पन्न." ती ओळ ऊर्जेची होती. चूक त्यांची नव्हती. आम्हीच त्यांच्यावर दहा ओळी एकदम ओतल्या होत्या आणि त्यांतली कुठली धरायची ते सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी आम्ही एकच प्रश्न धरला : *मी जेवढं खाल्लं-प्यायलं, तेवढ्यात साखर किती चमचे?* शाळेत, अंगणवाडीत किंवा बचत गटात कुणाला असा व्हिडिओ करायचा असेल, तर आमच्या त्या दुसऱ्या प्रयत्नातून जे कळलं ते इथे क्रमानं मांडतो.

तक्त्याचे तीन रकाने

व्हिडिओ करण्याआधी तक्ता स्वतःला नीट कळायला हवा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे, म्हणजे एफएसएसएआयचे, लेबलिंगचे विनियम २०२० साली आले. त्यांनुसार पाकिटावरच्या पोषणाच्या तक्त्यात साखरेच्या दोन ओळी असतात. एक ‘टोटल शुगर्स’, म्हणजे एकूण साखर, आणि तिच्याखाली ‘अॅडेड शुगर्स’, म्हणजे वरून घातलेली साखर. या दोन्ही ओळी ‘कार्बोहायड्रेट’ या ओळीच्या पोटात, थोड्या आत सरकवून छापलेल्या असतात. व्हिडिओत पेन्सिलीचं टोक थेट तिथेच न्यायचं. वरच्या ओळी वाचत खाली यायची गरज नाही.

आडव्या ओळी कळल्या की उभे रकाने येतात, आणि खरी गफलत तिथेच होते. पहिला रकाना बहुधा ‘पर हंड्रेड ग्रॅम’ किंवा ‘पर हंड्रेड एमएल’ असतो. दुसरा ‘पर सर्व्ह’, म्हणजे एका वाढणीमागे. तिसऱ्या रकान्यात टक्के असतात. मोठ्या माणसाला दिवसाला जेवढं चालतं, त्यातला किती हिस्सा या एका वाढणीत आला, ते हे टक्के सांगतात.

शंभरचा रकाना तुलनेसाठी चांगला. दोन कंपन्यांची बिस्किटं शेजारी ठेवली तर कुठलं जास्त गोड हे तोच खरं सांगतो, कारण दोन्हीकडे माप एकच असतं. पण शंभर ग्रॅम बिस्किटं कुणी तोलून खात नाही. वाढणीचा रकाना खाण्याच्या जवळचा वाटतो, पण वाढणी म्हणजे किती, हे कंपनी ठरवते. बिस्किटाच्या पुड्यावर ती दोन-तीन बिस्किटांची असू शकते आणि थंड्याच्या बाटलीवर एका पेल्याची. आपल्या घरी कुणी किती खातं, हे कंपनीला माहीत नसतं.

टक्क्यांचा रकाना सगळ्यांत फसवा. हे टक्के दिवसाला २००० किलोकॅलरी लागणाऱ्या सरासरी प्रौढ माणसासाठी काढलेले असतात आणि त्यात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा ५० ग्रॅम धरलेली असते. तुमचं पाच वर्षांचं लेकरू तो सरासरी प्रौढ नाही. त्याला दिवसाला लागणारी ऊर्जाच कमी, म्हणून त्याची साखरेची मर्यादाही कमी. बाटलीवर २० टक्के लिहिलेलं असेल तर लेकराच्या बाबतीत तो आकडा त्याहून मोठा समजायचा. शिवाय ५० ग्रॅम ही वरची हद्द आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की अशी साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी बरं. २००० किलोकॅलरीच्या हिशेबानं हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात.

व्हिडिओत हे सगळं सांगू नका. ते तुम्हाला माहीत असावं, म्हणजे कुणी उलट विचारलं तर उत्तर देता येईल.

एकूण आणि वरून घातलेली

साखरेच्या दोन ओळींतला फरक मात्र व्हिडिओत एका वाक्यात यायला हवा. दुधात दुधाची स्वतःची साखर असते, आंब्यात आंब्याची. ती एकूण साखरेत मोजली जाते. कारखान्यात वरून जी घातली, ती दुसऱ्या ओळीत येते. घटकांच्या यादीत ‘शुगर’ असा शब्द नसून ‘लिक्विड ग्लुकोज’, ‘इन्व्हर्ट सिरप’ किंवा ‘डेक्स्ट्रोज’ असेल, तरी तीही साखरच. यादीतले घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात, त्यामुळे यातलं काही पहिल्या दोन-तीन नावांत दिसलं तर पदार्थ गोड आहे हे तक्ता न वाचताही कळतं.

हा फरक न सांगता ‘यात साखर किती बघा’ असं म्हणत कुणी साध्या दुधाच्या पिशवीवरची एकूण साखर दाखवली, तर माणसं दूधच सोडतील. गाईच्या दुधात १०० मिलीमागे साधारण पावणेपाच ग्रॅम साखर असते आणि ती सगळी दुधाचीच असते. म्हणून चमचे मोजताना दुसरी ओळ धरायची.

एका गाजलेल्या व्हिडिओचा धडा

एप्रिल २०२३ मध्ये ‘फूड फार्मर’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या रेवंत हिमत्सिंगका यांनी बोर्नव्हिटावर एक छोटा व्हिडिओ केला. तो देशभर फिरला. त्यात मुख्य बोट साखरेवर होतं, पण रंगाबद्दल आणि इतर घटकांबद्दलही दावे होते. कंपनीनं कायदेशीर नोटीस पाठवली. हिमत्सिंगका यांनी व्हिडिओ काढून टाकला आणि माफी मागितली. पुढे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं कंपनीकडे खुलासा मागितला आणि त्या वर्षाच्या अखेरीस या पावडरीतली वरून घातलेली साखर १०० ग्रॅममागे ३७.४ ग्रॅमवरून ३२.२ ग्रॅमवर आल्याच्या बातम्या आल्या.

आपल्या कामाची गोष्ट म्हणजे त्या वेळी कंपनीनं दिलेलं उत्तर. कंपनीचं म्हणणं होतं की २० ग्रॅमच्या एका वाढणीत वरून घातलेली साखर ७.५ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड चमचा आहे. आता ७.५ ग्रॅमला पाचनं गुणा. १०० ग्रॅममागे साडेसदतीस आले. म्हणजे डब्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग साखरेचा आहे, हेही खरं आणि एका कपात दीड चमचा जाते, हेही खरं. दोन्ही बाजू एकाच तक्त्यातून बोलत होत्या, फक्त एकीनं शंभरचा रकाना धरला होता आणि दुसरीनं वाढणीचा. ऐकणाऱ्याला मात्र एक आकडा भयंकर वाटला आणि दुसरा किरकोळ.

त्यातही एक बारीक जागा आहे. साडेसात ग्रॅम म्हणजे दीड चमचा, हा हिशेब चमचा ५ ग्रॅमचा धरला तरच जुळतो. चमचा ४ ग्रॅमचा धरला तर ते जवळपास दोन होतात. आणि घरात आई २० ग्रॅमच पावडर टाकते का? वरून कपात आणखी एक चमचा साखर घालते का? हे कुठल्याच रकान्यात नसतं.

यावरून आम्ही स्वतःसाठी तीन नियम केले. वाढणी आपण ठरवायची, तीही घरात खरोखर खाल्ली जाते तेवढी. चमचा आधी तोलायचा आणि किती ग्रॅमचा धरला ते व्हिडिओत बोलून दाखवायचं. पुड्यावर छापलेलं आहे तेवढंच वाचायचं. साखरेमुळं कुठला आजार होतो, कंपनी कशी वाईट आहे, असलं काही जोडायचं नाही. नावाची पट्टी कागदानं झाकली तरी चालते, कारण शिकवायचा आहे तो तक्ता. तो कुठल्याही नावाच्या पुड्यावर असाच असतो.

आधी चमचा तोला

ग्रॅम हा शब्द कानावरून जातो, चमचा डोळ्यांत राहतो. म्हणून शेवटी सगळं चमच्यांत आणायचं. पण घराघरातले चमचे सारखे नसतात. चहाच्या डब्यातला चमचा घ्या आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यापाशी जा. एक चमचा तोलू नका. दुकानातला काटा किलोच्या मापांसाठी असतो, चार-पाच ग्रॅमला त्याचा आकडा भरवशाचा नसतो. पिशवी ठेवून काटा शून्यावर आणा, सुरीच्या पाठीनं सपाट केलेले दहा चमचे साखर तीत टाका आणि येईल त्या वजनाला दहानं भागा. आमचे दहा चमचे ४० ग्रॅमच्या आसपास भरले, म्हणजे चमचा ४ ग्रॅमचा. तोच शिगोशिग भरला तर सहाच्या पुढे गेला. तुमचा पाचाचा निघाला तर पाच धरा. मात्र व्हिडिओत सपाट चमचाच दाखवा. आकडा चार सांगायचा आणि हातात डोंगर केलेला चमचा धरायचा, हे खोटं ठरतं आणि ते ओळखणारं कुणीतरी ग्रुपमध्ये असतंच.

बाटलीचा हिशेब

आता एक बाटली घेऊन हिशेब करू. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या हातातल्या बाटलीवर जे असतील ते घ्या, रीत हीच.

बाटली ६०० मिलीची. शंभर मिलीच्या रकान्यात ऊर्जा ५६ किलोकॅलरी, एकूण साखर १३.५ ग्रॅम, वरून घातलेली १२ ग्रॅम. वाढणी २०० मिली, बाटलीत तीन वाढण्या. टक्क्यांच्या रकान्यात घातलेल्या साखरेसमोर ४८.

पहिला प्रश्न : प्यायलं किती? दोन भावांनी बाटली अर्धी-अर्धी संपवली, म्हणजे एकेकानं ३०० मिली. वाढणीचा रकाना २०० मिलीचा असल्यामुळे तो इथे उपयोगाचा नाही. शंभरचा घ्या. ३०० मिली म्हणजे शंभराचे तीन हिस्से, म्हणून १२ गुणिले ३, बरोबर ३६ ग्रॅम. चार ग्रॅमच्या चमच्यानं ३६ भागिले ४, म्हणजे नऊ चमचे. एका लेकराच्या पोटात नऊ चमचे, आणि आंब्याची स्वतःची साखर त्यात धरलेलीच नाही.

पूर्ण बाटलीचा हिशेब हवा असेल तर १२ गुणिले ६, म्हणजे ७२ ग्रॅम, अठरा चमचे. टक्केही जुळवून बघा. एका वाढणीत २४ ग्रॅम, आणि २४ हे पन्नासाचे ४८ टक्के. तीन वाढण्यांचे १४४. बाटलीवर छापलेलं ४८ वाचून ‘निम्म्याच्या आतच आहे’ असं वाटतं, पण ते एका पेल्याचं असतं. बाटली एकट्यानं संपवली तर प्रौढाच्या दिवसाच्या वरच्या हद्दीच्याही जवळपास दीडपट साखर पोटात जाते.

आकडे असे सरळ नसतील तेव्हा सूत्र एकच : शंभरमागची साखर, गुणिले खाल्लेले ग्रॅम किंवा मिली, भागिले शंभर. बिस्किटांचं वजन कळायला पुड्याचं एकूण वजन बिस्किटांच्या संख्येनं भागा. साठ ग्रॅमच्या पुड्यात बारा बिस्किटं असतील तर एक पाच ग्रॅमचं. चहाबरोबर सहा संपली तर तीस ग्रॅम झाली. शंभरमागे घातलेली साखर २५ ग्रॅम असेल, तर त्या सहांत साडेसात ग्रॅम आली, म्हणजे दोन चमच्यांना थोडी कमी.

सरबताच्या घट्ट पाकाचं आणि दुधात घालायच्या पावडरीचं मात्र जरा जपून. शंभरचा आकडा बाटलीतल्या पाकाचा आहे की पाणी घालून तयार केलेल्या सरबताचा, ते रकान्याच्या डोक्यावर बघा. पाकाचाच असेल तर पेल्यात आपण किती पाक ओततो ते मोजून तेवढ्याचाच हिशेब करा. नाहीतर पेल्यातल्या पाण्यालाही साखर लागेल.

मोबाइलसमोर

छापलेली बारीक अक्षरं व्हिडिओत दिसणं ही यातली खरी अडचण. चकचकीत पुडा उन्हात धरला की त्यावर पांढरा पट्टा उमटतो आणि नेमका तक्ताच झाकला जातो. पुडा कात्रीनं उभा कापा, उलगडा आणि पुठ्ठ्यावर चिकटवून सपाट करा. बाटलीचं वेष्टन निघत असेल तर तेही तसंच लावा. पुठ्ठा खिडकीच्या बाजूला आडवा ठेवा, म्हणजे उजेड वरून न पडता कडेनं येईल. फ्लॅश बंद ठेवा. कॅमेरा अगदी चिकटवला की धूसर दिसतं. वीतभर अंतरावरून थोडं झूम करा आणि पडद्यावर तक्त्याच्या जागी बोट दाबून धरून फोकस पक्का करा.

एवढं करूनही व्हॉट्सअॅपवर पाठवताना व्हिडिओ दाबला जातो आणि बारीक अक्षरं विरघळतात. म्हणून तक्ता फक्त जागा दाखवण्यासाठी वापरा. आकडा पाटीवर खडूनं, हातभर मोठा लिहा. मूळ दर्जाचा व्हिडिओ कुणाला हवा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवता येतो. मोबाइल उभा धरा, कारण ग्रुपवर सगळे उभाच बघतात. पंखा बंद करा, आवाज निम्मा सुधारतो.

दृश्यं पाचच ठेवा : बाटली, तक्त्यावरची पेन्सिल, पाटीवरचं गणित, चमचे आणि शेवटी बघणाऱ्याला दिलेलं काम. चमच्यांचं दृश्य कापू नका, भराभर पळवू नका. रिकाम्या काचेच्या पेल्यात एकेक चमचा साखर पडू द्या आणि मोजणी ऐकू येऊ द्या. नऊ चमचे पडायला जो वेळ लागतो, तोच माणसाला जागा करतो.

बोलायचं काय

आमची संहिता साधारण अशी झाली. शांतपणे, चमचे मोजत बोललं तर मिनिट-सव्वा मिनिटात बसते.

"रामराम. ही थंड्याची बाटली, सहाशे मिलीची. आमच्या दोन लेकरांनी अर्धी-अर्धी पिली. एकाच्या पोटात साखर किती गेली, ते बघू.

बाटली पालथी करायची. हा तक्ता. बाकीचं सोडून द्या, इथं या. ‘अॅडेड शुगर्स’, म्हणजे कारखान्यात वरून घातलेली साखर. समोर आकडा आहे बारा. पण बारा कितीमागं? वर बघा : शंभर मिलीमागं.

लेकरू पिलं तीनशे मिली. म्हणून बारा त्रिक छत्तीस. छत्तीस ग्रॅम.

हा आमचा चहाचा चमचा, सपाट भरला की चार ग्रॅमचा. चार नवे छत्तीस. नऊ चमचे. टाकते, मोजा माझ्यासंगं. एक... दोन... तीन... चार... पाच... सहा... सात... आठ... नऊ.

एवढी साखर चहात कुणी घालंल का?

आता तुमच्या घरात जो पुडा असंल तो पालथा करा. शंभरमागची साखर बघा, तुम्ही किती खाल्लं ते बघा, आणि चमचे किती झाले ते ग्रुपवर लिहा."

‘पिऊ नका’ हे शब्द यात कुठेही नाहीत, हे लक्षात आलं असेल. पहिल्या व्हिडिओत ते होते, आणि त्याखाली ‘आम्ही लहानपणापासून पितो, काय झालं?’ असा वाद सुरू झाला. नऊ चमच्यांवर वाद घालता येत नाही, ते पेल्यात दिसतात.

व्हिडिओ पाठवण्याआधी गणित दुसऱ्याकडून करून घ्या. बोलण्यात एखादा पोषणाचा दावा आलाच असेल तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आणि अन्नतंत्र महाविद्यालय आहेत. तिथल्या जाणत्या माणसाला एकदा दाखवून घेतलेलं बरं.

तक्ता जिथे पुरत नाही

व्हिडिओ गेला की प्रश्न येतात. पहिला बहुधा मधुमेहाचा असतो. ‘साखर शून्य असलेली बिस्किटं चालतील का?’ इथे सावध राहा. ‘शुगर फ्री’ म्हणायला १०० ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमहून जास्त चालत नाही, हे खरं. पण त्या बिस्किटात बहुधा मैदा असतो आणि मैद्याची पोटात साखरच होते. माल्टोडेक्स्ट्रिनसारखे घटक तर साखरेच्या ओळीत मोजले जात नाहीत, तरी रक्तातली साखर भराभर वाढवतात. मधुमेह असलेल्यानं साखरेच्या ओळीवर थांबू नये, तिच्या वरची कार्बोहायड्रेटची पूर्ण ओळ बघावी. किती चालेल ते त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं, ग्रुपनं नाही.

दुसरा प्रश्न लेकरं आणतात. पाच रुपयांच्या चिमुकल्या पुडीवर तक्ताच सापडत नाही. अगदी लहान पाकिटांना नियमांत सूट आहे, मग ती माहिती बाहेरच्या मोठ्या पाकिटावर असते. दुकानदाराला ते पाकीट मागा. नसेल तर त्याच पदार्थाचा मोठा पुडा बघा. शंभरमागचा आकडा बहुधा तोच असतो, फक्त वजन छोट्या पुडीचं घ्यायचं.

तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, तो आपणच काढावा. बेकरीतली सुटी खारी, बाजारातली जिलेबी, घरचा चहा यांना तक्ता नसतो. दिवसातून चार वेळा दोन-दोन चमच्यांचा चहा झाला, तर ते आठ चमचे कुठल्याच पुड्यावर छापलेले नसतात. चमचा तोललेला असेल तर तेही मोजता येतात.

व्हिडिओ कळला का, ते कसं ओळखाल?

किती जणांनी पाहिला आणि किती अंगठे आले, यावरून काही कळत नाही. ज्यांनी व्हिडिओ पाहिला अशा तिघा-चौघांना वेगळाच पुडा द्या, व्हिडिओतला नको, आणि काही न सांगता विचारा, "यात साखर किती?" कुणी ऊर्जेचा आकडा वाचला तर पेन्सिलीचं दृश्य लांबवा. कुणी थेट वाढणीचा आकडा सांगितला तर ‘कितीमागं?’ हे वाक्य आणखी ठळक करा. कुणी ‘लई आहे’ एवढंच म्हटलं तर त्याला फक्त भीती पोचली, रीत पोचली नाही.

पहिल्या वेळी ‘छप्पन्न’ म्हणालेल्या बाईंना आम्ही दुसऱ्या व्हिडिओनंतर क्रीमच्या बिस्किटांचा पुडा दिला. त्यांनी तो पालथा केला, ओळ शोधली, बोट ठेवलं. आम्ही आकड्याची वाट बघत होतो. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "पण तुम्ही खाल्ली किती?"